उच्चारांवरून रोजची मस्करी: मनात काही नसलं तरी माणूस खचतो का?

दर्यापूरची_ताई
माझा धाकटा भाऊ अमरावती जिल्ह्यातून पुण्याला नोकरीला गेला. फ्लॅटवर चौघं राहतात, बाकीचे तिघं पुणे-साताऱ्याकडचे. हा 'पानी', 'कोन' म्हणतो, म्हणून त्याचं नावच 'पानी' पडलं. मुलं चांगली आहेत, तो तापाने फणफणला तेव्हा त्यांनीच रात्र दवाखान्यात काढली. पण हल्ली तो घरी फोनवरही जपून बोलतो आणि ऑफिसात मराठी माणसांशीसुद्धा इंग्रजीत बोलतो. त्या मुलांपैकी एकाला मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, मस्करी आहे, मनात काही नाही." मला ते खरंही वाटतं. मग याचं असं का झालं? आणि आम्ही काय करावं?

कऱ्हाडचा_काका
ताई, परक्या माणसाला कोणी टोपणनाव देत नाही. नाव पडलं म्हणजे पोरांनी त्याला आपल्यात घेतलं. आमच्या होस्टेलवर एकाचंही खरं नाव कुणी घेत नसे आणि तीच दोस्ती आजवर टिकली आहे. दवाखान्यात रात्र काढणारी पोरं त्याचं वाईट चिंतत असतील का? तुम्ही मध्ये पडलात तर पोरं त्याच्याशी जपून वागायला लागतील, आणि ते चिडवण्यापेक्षा वाईट. थोडं कातडं जाड व्हायला हवं. पुढे नोकरीत बॉसही बोलणार आहे.

माजलगावकर
'पानी' म्हणणं चूक आहे हे ठरवलं कोणी? आमच्या मराठवाड्यातही अर्धा जिल्हा तसंच बोलतो. पाठ्यपुस्तकातली मराठी तेवढी शुद्ध आणि बाकीच्यांची गावंढळ, हा अन्याय शंभर वर्षं चालला आहे. भावाला सांगा, अजिबात बदलू नकोस.

दर्यापूरची_ताई
दादा, तुमचं पटतं, पण माझा प्रश्न तो नाही. बरोबर कोण हे त्याला ठाऊक आहे. तरी तो गप्प होत चालला आहे.

मीनल_समुपदेशक
मी महाविद्यालयीन मुलांबरोबर काम करते. काकांचं निम्मं बरोबर आहे. चिडवण्याने जवळीक वाढते, आणि जिथे कोणीच कोणाला चिडवत नाही ती मैत्री बहुतेक वेळा पातळच असते. गाडी अडते ती "मनात काही नाही" या वाक्यापाशी.

जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की चिडवणाऱ्याला आपला हेतू आतून दिसत असतो, म्हणून तो समोरच्यालाही दिसतच असणार असं तो धरून चालतो. समोरच्याच्या वाट्याला मात्र फक्त शब्द येतात. एकच माणूस स्वतः चिडवतो तेव्हा त्याला ते निरुपद्रवी वाटतं, आणि त्याला कोणी चिडवलं की तितकं निरुपद्रवी वाटत नाही. म्हणजे ती मुलं खोटं बोलत नाहीत आणि तुमचा भाऊही नाटक करत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तिघांपैकी प्रत्येक जण दिवसातून एकदाच 'पानी' म्हणत असेल, आणि आपण एकदाच म्हणालो हे त्याच्या दृष्टीने खरंही आहे. भावाच्या कानावर ते तिनदा पडतं. शनिवारी कोणाचा मित्र आला की त्यालाही सांगितलं जातं, मग तोही म्हणतो. ही बेरीज फक्त एकाच माणसाकडे होते.

आणि चिडवलं कशावरून जातं ते बघा. कोणी उशिरा उठतो, कोणाला चहा करता येत नाही, यावरून हसलं तर माणूस उद्या लवकर उठू शकतो. उच्चार, रंग, उंची सकाळी उठून बदलता येत नाही. त्यामुळे हसू एखाद्या कृतीला चिकटत नाही, माणसालाच चिकटतं. मार्क लिअरी यांचं म्हणणं असं की स्वतःबद्दलचं आपलं मत म्हणजे आजूबाजूचे लोक आपल्याला कितपत सामावून घेतात याचा आतला अंदाज असतो. हे मला कामात रोज पटतं. तुमच्या भावाला रोज दोन निरोप मिळतात, 'तू आमचा आहेस' आणि 'तू आमच्यासारखा नाहीस'. पहिला निरोप ताप आला की मिळतो. दुसरा जेवताना, पाणी मागताना, दर वेळी.

भाषेचा_मास्तर
मीनलताईंनी सांगितलं त्यात उच्चाराची बाजू घालतो, कारण ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. वऱ्हाडीत 'ण' जवळजवळ 'न'मध्ये मिसळून गेला आहे. ज्या मुलाने लहानपणी हे दोन आवाज वेगळे ऐकलेच नाहीत, त्याच्या कानालाही तो फरक पटकन पकडता येत नाही, तोंडाचं तर पुढचं. सरावाने जमतं, पण बोलण्याच्या वेगात जीभ टाळूकडे वळवायची आठवण ठेवणं फार अवघड असतं.

आता घडतं काय? मुलगा प्रत्येक 'न'पाशी थबकतो. त्याचं निम्मं लक्ष विषयावर आणि निम्मं पुढच्या शब्दावर. मग तो नको तिथेही 'ण' घालतो. माझा एक विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेत "मणापासून आभार" म्हणाला. घरी बोलताना तो हा शब्द कधीच चुकला नव्हता, सुधारायच्या धडपडीत चुकला. सभागृह हसलं. त्यानंतर त्याने 'ण' असलेले शब्दच टाळायला सुरुवात केली. 'पाणी' म्हणायचं नाही, "बाटली दे" म्हणायचं. "कोण आलं" विचारायचं नाही, नुसती मान वर करायची. तुमचा भाऊ ऑफिसात इंग्रजी बोलतो ते मला याच जातीचं वाटतं. इंग्रजीत त्याला कोणी 'ण'वरून पकडत नाही.

आणि माजलगावकर, भाषा म्हणून तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण ते माहीत असून पुरत नाही. वॉलेस लँबर्ट यांनी कॅनडात, माँट्रियलमध्ये, एक प्रयोग केला होता, तो १९६०मध्ये छापून आला. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांनी तोच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचला. ऐकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं की आवाज त्याच माणसांचे आहेत. इंग्रजी आवाजाला लोकांनी जास्त हुशार आणि दिसायलाही बरा ठरवलं. यात इंग्रजी भाषक तर होतेच, पण ज्यांची मातृभाषा फ्रेंच होती त्यांनीही स्वतःच्याच भाषेतला आवाज कमी लेखला. वरचढ बोलीचं मत खालच्या बोलीचा माणूस नकळत आत घेतो. मग त्याला चिडवायला तिघांची गरज उरत नाही.

शुभदा_नाशिक
माझं उच्चारांचं नाही, रंगाचं आहे. आजोळी मला सगळे 'काळी मैना' म्हणत. प्रेमानेच, मावशीचा तर माझ्यावर जीव होता. तिच्या लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत आहे, पुढे उंच मामा उभे, माझा फक्त भांग दिसतो. मला तिथे कोणी उभं केलं नव्हतं. आजही दुकानात साडी अंगावर लावून बघताना, विक्रेत्याने काही म्हणायच्या आधी मीच म्हणते, "हा रंग मला नाही खुलणार." काका, कातडं जाड होत नाही. आपण आधीच बाजूला उभं राहायला शिकतो.

निनाद_पु
सगळ्यांच्या भावना समजतात, पण एक शंका आहे. ज्याचा आत्मविश्वास मुळातच कमी त्याला चिडवलेलं जास्त लागतं आणि जास्त लक्षात राहतं. म्हणजे चिडवल्यामुळे खचला की खचलेला होता म्हणून लागलं, हे कसं ठरवायचं? आमच्या टीममधला नागपूरचा सहकारी 'करून राहिलो'वरून स्वतःच विनोद करतो आणि मजेत असतो.

मीनल_समुपदेशक
निनाद, शंका रास्त आहे. अमेरिकेत मिनेसोटात ४,७४६ शाळकरी मुलांचा अभ्यास झाला होता, २००३ साली प्रसिद्ध झाला. वजनावरून घरचे किंवा मित्र चिडवतात त्या मुलांत स्वतःबद्दलचं मत खालावलेलं आणि उदासी जास्त दिसली. मुलाचं प्रत्यक्ष वजन कितीही असलं तरी तेच. पण ती पाहणी एका वेळची होती, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे तिच्यातून सिद्ध होत नाही. त्याच प्रकल्पातल्या मुलांना १५ वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा लहानपणी चिडवल्या गेलेल्या बायकांत शरीराबद्दलची नाराजी तेव्हाही जास्त होती. मला वाटतं दोन्ही दिशांनी होतं, आणि एक दिशा दुसरीला जोर देते.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल मी इथून काही ठरवणार नाही. एवढंच बघा: विनोद कोण सुरू करतं, आणि तो "आज नको" म्हणाला तर थांबतो का? माणूस कधी मजेत विनोद करतो, कधी दुसऱ्याने करायच्या आत उरकून टाकतो. बाहेरून दोन्ही हसणं सारखंच दिसतं.

नागपूरवाला
ठाण्यात बरीच वर्षं काढली मी. मी तर सरळ सांगतो, "भाऊ, मी असाच बोलून राहिलो, तुले समजलं ना? मंग झालं." ताई, तुम्ही नका बोलू त्या पोरांशी. बहिणीने फोन केला हे कळलं की नवीन चिडवणं सुरू होईल. भावालेच बोलू द्या.

मीनल_समुपदेशक
भावाला विचारल्याशिवाय काही करू नका, इथवर मी सहमत. पण त्यानेच सांगावं ही अट कठीण आहे. ज्या बोलण्याची त्याला लाज वाटायला लागली, त्याच बोलण्यात त्याने तक्रार मांडायची? त्याची हरकत नसेल तर तापात सोबत राहिलेला जो सर्वात जवळचा मुलगा, त्या एकट्याशी बोलणं होऊ द्या. ग्रुपवर लिहू नका. आणि "त्याला चिडवू नका" असं मोघम सांगू नका, त्याने पोरं बिचकतात, काकांची तीच भीती आहे. "ते नाव बंद करा, त्याला त्याच्या नावाने हाक मारा," एवढंच मागा. सवयीने अजून चार-पाच वेळा तोंडातून जाईल, तेव्हा त्या एकाने बाकीच्यांना टोकलं तरी पुरे.

कऱ्हाडचा_काका
नाव बंद करायला माझी हरकत नाही. पण मग उद्या हे त्याच्या बोलण्याचा विषयच काढणार नाहीत, आणि त्याला ते जास्त टोचेल. मस्करी गेली की शांतता येते, ती सोसते का सगळ्यांना? मला अजून तरी तसं वाटत नाही.

भाषेचा_मास्तर
काका, विषय काढू देत की. 'पानी'वर हसण्याऐवजी "तुमच्याकडे याला काय म्हणता?" असं विचारलं तर बोलणं त्याच विषयावर होतं, पण सांगणारा तो असतो.

दर्यापूरची_ताई
काल भावाशी बोलले. आधी "काही नाही गं" म्हणाला. मास्तरांचं बाटलीचं उदाहरण सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मी 'कोण' विचारायचं असलं की 'हू' म्हणतो." मित्राशी बोलायला त्याने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पुढच्या आठवड्यात घरी येणार आहे, तोवर मी कोणाला फोन करत नाही. शुभदाताई, तुमचं लिहिणं त्याला वाचायला पाठवलं तर चालेल का?

शुभदा_नाशिक
पाठवा. साडीचं आवर्जून वाचायला सांगा.