मदत हवी आहे: प्लेगवरचं पुस्तक, खूप संदर्भ आणि नकळत होणारं वाङ्मयचौर्य

मेघना_क
१८९६ च्या मुंबईतल्या प्लेगवर पुस्तक लिहितेय. इंग्रजी ग्रंथ, सरकारी अहवाल, जुनी वर्तमानपत्रं, सगळ्यांची टिपणं मराठीतून एकाच वहीत आहेत. एखादं वाक्य माझं की मूळ लेखकाचं, हे आता ओळखायचं कसं?

वाटसरू
इंग्रजीतून मराठीत आणलंत म्हणजे शब्द तुमचेच. तळटीप द्या, विषय संपला.

जुनी_दप्तरं
वाटसरू, तळटीप हवीच, पण ती पुरत नाही. २००२ मध्ये अमेरिकी इतिहासकार स्टीफन अँब्रोझ यांच्यावर टीका झाली ती यावरूनच. तळटिपा होत्या, पण जवळपास जशीच्या तशी घेतलेली वाक्यं अवतरणचिन्हांत नव्हती.

मेघनाताई, समजा मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा: "सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आढळला, घाबरून लोक गावी पळाले आणि त्यांच्यासोबत साथही गेली." तुम्ही लिहिलंत, "१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगची लागण दिसली, भीतीपोटी माणसं गावाकडे निघाली आणि रोगही त्यांच्याबरोबर पोचला." शब्द बदलले, पण मुद्दे, त्यांचा क्रम आणि कारणांची साखळी तीच राहिली. तारीख आणि ठिकाण कुणाच्या मालकीचं नाही, मात्र पळापळीमुळे साथ पसरली हा निष्कर्ष त्या लेखकाचा आहे. म्हणून त्याचं नाव वाक्यातच घ्या. तुमचं प्रकरण गिरणी कामगारांवर असेल तर सुरुवात ओस पडलेल्या खात्यांपासून करा, मांडवी नंतर येईल.

संशय आला की आपला परिच्छेद आणि मूळ पान शेजारी ठेवून दोन्हींतल्या मुद्द्यांना आकडे द्या. आकडे त्याच क्रमाने आले तर पुस्तक मिटून पुन्हा लिहा, मग तपशील पडताळा. ज्या टिपणावर पान क्रमांक नाही, ते मूळ पाहिल्याशिवाय वापरू नका. यापुढे मूळ शब्द अवतरणात, सारांश साधा आणि स्वतःचा विचार वेगळ्या शाईत. शब्दशः भाषांतरालाही अवतरणचिन्ह लागतं, सोबत "भाषांतर माझे" असं लिहायचं.

कोकणकडा
मला गावच्या इतिहासासाठी १८९७ चा सरकारी अहवाल छापायचाय. परवानगी लागेल का?

जुनी_दप्तरं
इतक्या जुन्या सरकारी अहवालाची स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली. पण श्रेय द्यावंच लागतं, ही बाब वेगळी.

मेघना_क
'केसरी'तले उतारे मी एका आधुनिक ग्रंथातून घेतलेत. मूळ अंकाचाच संदर्भ दिला तर?

जुनी_दप्तरं
अंक स्वतः पाहिलात तरच. नाहीतर "अमुक ग्रंथात उद्धृत" लिहा. त्या लेखकाने उतारा कुठे तोडलाय ते तुम्हाला माहीत नसतं.

मेघना_क
आणि प्रकाशकांना पानोपानी आकडे नकोत, वाचक बिचकतो म्हणतात.

शब्दवेल्हाळ
मग टिपा शेवटी पान क्रमांक आणि वाक्याचे पहिले शब्द देऊन घ्या. मजकुरात आकडे दिसत नाहीत.

जुनी_दप्तरं
चालतं, पण मला पटत नाही. वाचणाऱ्याला टीप आहे हेच कळत नाही. निदान निष्कर्ष उसना असेल तिथे लेखकाचं नाव मजकुरात राहू दे.