नुसतं 'कम्फर्ट केअर' लिहून भागत नाही

> "नातेवाइकांशी बोलून 'कम्फर्ट केअर' असं केसपेपरवर लिहिलं होतं. तरी रात्रीच्या डॉक्टरांनी पेशंटला आयसीयूत हलवलं. नोंदीत काय कमी पडलं?"

रात्री दोन वाजता धाप लागलेल्या पेशंटसमोर उभं राहिलं की 'त्रास कमी करा' यापलीकडे त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. अँटिबायोटिक द्यायचं की नाही, हेसुद्धा नाही.

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका आजोबांची मी केलेली नोंद सांगतो. आधी लिहिलं, की ते पूर्ण शुद्धीत होते, आजार वाढतोय हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, सोबत मुलगी आणि सिस्टर होत्या. मग त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "नळ्या नकोत, पण नातीशी बोलता आलं पाहिजे." त्याखाली निर्णय: सीपीआर, व्हेंटिलेटर, आयसीयू नाही. न्यूमोनिया झाला तर शिरेतून अँटिबायोटिक वॉर्डातच, तीन दिवसांनी फेरविचार. धाप लागल्यास मॉर्फिन, कमी मात्रेपासून. नातीशी बोलण्याचं ते वाक्य वाचलं की गुंगी न येऊ देता मात्रा बेतानं का वाढवायची, हे सिस्टरना विचारावं लागत नाही.

न ठरलेलंही लिहा. मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅपबद्दल आजोबांना विचार करायचा होता. मुलाला आयसीयू हवं होतं. दोन्ही नोंदवलं, पुढच्या बोलण्याची तारीखही. मुलाचा विरोध कागदावर नसता, तर तो रात्री भांडला असता आणि ड्यूटीवरचा गोंधळला असता.

आणि ही नोंद फाइलच्या पहिल्या पानावर हवी. रोजच्या नोंदींत गाडली गेली की रात्री कोणी शोधत नाही. 'डीएनआर' म्हणजे फक्त सीपीआर नको, पण त्याचा अर्थ उपचार बंद असा वाचणारेही भेटतात, म्हणून काय चालू राहणार तेही लिहायचं.