प्रतिसाद: पाहुणे आले की मांजर गायब

> "बेल वाजली की आमची मनी पलंगाखाली, पाहुणे जाईपर्यंत बाहेरच येत नाही. काय करू?"

तिला ओढून बाहेर काढू नका हो, लपल्यावरच तिला सुरक्षित वाटतं. आमच्या बोक्यासाठी आतल्या खोलीत आडवा खोका, त्यात माझी जुनी ओढणी, जवळ पाणी आणि लिटर ट्रे असं कायमचं ठेवलं आणि पाहुण्यांना सांगायचो की त्याच्याकडे बघूही नका, तर दोनेक महिन्यांनी तो आपणहून दारात येऊन बसायला लागला.

पण पाहुणे गेल्यावरही ती लपूनच राहिली, दिवसभर काही खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्याच. आणि बोका ट्रेमध्ये जोर करतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.