मदत हवी आहे: शिष्यवृत्तीचे चाळीस हजार आले, उरलेले साठ कुठे अडकले?

सागर_पा:
नमस्कार. माझी धाकटी बहीण खाजगी महाविद्यालयात अभियांत्रिकीला आहे. आम्ही अनुसूचित जातीतले, वडील टेम्पो चालवतात, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला. गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाने एक लाख रुपये आधी भरून घेतले. शिष्यवृत्ती आली की तुमचे तुम्हाला मिळतील, असं सांगितलं. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. जानेवारीत बहिणीच्या खात्यात चाळीस हजार आले, त्यानंतर एक रुपया नाही. दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर आहे. अर्ज मंजूर दिसतोय, मग पैसे का येत नाहीत? की चाळीसच मिळणार होते?

निशिगंध:
आधी भरा, मग मिळतं, हीच पद्धत आहे. माझ्या भाच्याला राजर्षी शाहू योजनेत निम्मी फी मिळाली. तुम्हालाही पन्नास टक्केच धरावे लागतील, म्हणजे दहा हजार बाकी.

जुना_लिपिक:
निशिगंध, शाहू योजना वेगळी. ती आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी आहे आणि तिच्यात शिकवणी शुल्काचा निम्मा वाटा मिळतो. सागरच्या बहिणीची आहे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात 2020-21 पासून केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. मंजूर रक्कम एक लाख असेल तर तुम्हाला आलेले चाळीस हजार राज्याचे आहेत. साठ हजार केंद्राकडून थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि तेही राज्याने आपला वाटा दिल्याची खात्री झाल्यावर. त्यामुळे दोन रकमांमध्ये काही महिने जातात.

मी एका महाविद्यालयात बारा वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर होतो. तीन ठिकाणं हमखास अडतात. एक, आमच्याच टेबलावर अर्ज पडून राहतो. दोन, समाजकल्याणकडून त्रुटी काढून अर्ज परत येतो आणि मुलं लॉगिन उघडून बघतच नाहीत. तुमचा मंजूर आहे, म्हणजे ही दोन्ही सुटली. तिसरं म्हणजे बँक. जानेवारीनंतर बहिणीने खातं बदललं का?

सागर_पा:
हो! एप्रिलमध्ये जुनं खातं बंद केलं. वसतिगृहाजवळच्या बँकेत नवं उघडलं, आधार कार्ड दिलंय तिथे.

जुना_लिपिक:
इथेच गोम आहे. खातं उघडताना दिलेलं आधार ओळख पटवण्यासाठी असतं. सरकारी पैसा खातेक्रमांक बघून येत नाही, तो आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते बघून जातो. ती नोंद बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे असते, आणि ती बँकेने वेगळी पाठवावी लागते. myaadhaar.uidai.gov.in वर बहिणीच्या आधारने लॉगिन करून `Bank Seeding Status` बघा. तिथे जुन्या बँकेचं नाव किंवा `Inactive` दिसलं, तर साठ हजार निघाले तरी परत जातात.

मंजिरी_ठाणे:
मुलींची फी माफ झाली ना आता? माझ्या लेकीला (ओबीसी) 2024-25 पासून शंभर टक्के शिकवणी शुल्क माफ, तरी आमच्याकडून विकास शुल्क घेतलंच. तुम्ही त्यात अर्ज का नाही करत?

जुना_लिपिक:
मंजिरीताई, ती सवलत आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींसाठी आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी. सागरच्या बहिणीचा मार्ग वेगळा. तिने आधी भरायलाच नको होते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 'फ्रीशिप कार्ड'ची सोय आहे: ते दाखवलं की विद्यार्थ्याला पैसे न भरता प्रवेश मिळावा आणि शिष्यवृत्ती आल्यावर सात दिवसांत त्याने संस्थेला द्यावेत. दुसऱ्या वर्षासाठी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आताच चौकशी करा.

निशिगंध:
कागदावर आहे ते. कार्ड दाखवलं तरी काउंटरवरचा माणूस पावती मागतो. महाविद्यालयांचंही ऐकायला हवं, त्यांच्याकडे पैसे महिनोन् महिने येत नाहीत, पगार कशातून करणार?

जुना_लिपिक:
ती अडचण खरी आहे, मी ती टेबलाच्या त्या बाजूने पाहिलीय. पण म्हणून ती टेम्पोवाल्याच्या कर्जावर ढकलायची का? मला पटत नाही.

सागर_पा:
बघितलं. जुन्याच बँकेचं नाव आहे आणि खाली `Inactive`. आज बहीण नव्या बँकेत गेली होती. खिडकीवरच्या बाईंनी आधी 'आधार लिंक आहे तुमचं' म्हणून परत पाठवलं. तिने मोबाइलवरचं पान दाखवल्यावर वेगळा संमतिअर्ज दिला, तो भरला. चार दिवसांनी पुन्हा बघायला सांगितलंय. नोंद सुधारली की परत गेलेले साठ हजार आपोआप पुन्हा येतात, की अर्ज करावा लागतो?

जुना_लिपिक:
माझ्या वेळी काहींचे आपोआप आले, काहींना कार्यालयात खेटे घालावे लागले. थांबू नका. नोंद `Active` झाल्याचं पान छापून, अर्जाच्या क्रमांकासह लेखी द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

सागर_पा:
सोमवारी जातो. फ्रीशिप कार्डचंही तिथेच विचारतो. पतपेढीचा हप्ता दहा तारखेला आहे.