मदत हवी आहे: कर सोमवारीच भरला, तरी व्याजात एक महिना वाढला

निशिगंध: आयकर रिटर्न उशिरा भरल्याचं २३४ए चं व्याज सोमवारी ९६६ रुपये दिसत होतं. आज घटस्थापनेला तोच फॉर्म उघडला, तर १,४४९! तीन दिवसांत ४८३ रुपये? कर सोमवारीच भरलाय. आज रात्री सबमिट करायचंय, लवकर सांगा.

जमाखर्च: कोणत्या वर्षाचं? बाकी कर किती? सोमवारी नुसतं चलन भरलं की रिटर्नही सबमिट केलं?

रानवारा: उत्पन्न पाच लाखांवर असेल तर उशिराचे पाच हजार द्यावेच लागतात. माझे गेल्या वर्षी गेले.

जमाखर्च: ते विलंब शुल्क. इथे व्याजाचं विचारलंय.

निशिगंध: २०२३-२४ चं, मुदत ३१ जुलै २०२४. शेअर विकले होते, टीडीएस वजा जाता ४८,३६० बाकी होते. ३० सप्टेंबरला चलन भरलं, रिटर्न ड्राफ्टमध्ये ठेवलं. मग सर्वपित्रीला गावी गेलो, तिथे नेट नव्हतं.

तळेगावकर: सोपं आहे. १ ऑगस्टपासून तीस-तीस दिवस मोजा. ६४ दिवस झाले, म्हणजे तीन महिने.

जमाखर्च: उत्तर बरोबर आलं, रीत चुकली. तुमच्या हिशेबाने ३० सप्टेंबर हा ६१वा दिवस, म्हणजे त्या दिवशीही तीन महिने दिसायला हवे होते. पण तेव्हा ९६६ दिसत होते, म्हणजे दोनच. ऑगस्ट एक, सप्टेंबर दोन. ऑक्टोबरची पहिली तारीख उजाडली की तिसरा लागला, मग रिटर्न १ तारखेला भरा नाहीतर ३१ला. ४८,३६० मधले शंभराच्या आतले ६० सोडायचे. ४८,३०० वर महिन्याला एक टक्का म्हणजे ४८३.

निशिगंध, हे व्याज रिटर्न सबमिट होईपर्यंत चालतं. चलन ३१ जुलैपर्यंत भरलं असतं तर त्या रकमेवर ते लागलंच नसतं. मुदतीनंतरच्या चलनाने थांबत नाही आणि ड्राफ्ट म्हणजे सबमिट नव्हे.

निशिगंध: मग २३४बी का नाही वाढलं?

जमाखर्च: ते आगाऊ कर कमी भरल्याचं व्याज, १ एप्रिलपासून कर भरेपर्यंत. तुमचं सप्टेंबरमध्येच थांबलं, सहा महिन्यांवर.

सुपारी: टीडीएसलाही हेच. आमच्या दुकानाच्या भाड्यावरचा २८ जूनला कापला, ७ जुलैऐवजी ८ला भरला. एका दिवसाच्या उशिराला जून-जुलै दोन महिने धरून दीड-दीड टक्का!

तळेगावकर: कापल्यापासून दहाच दिवस होतात, एकच महिना धरायला हवा. भांडा.

सुपारी: तीनशे रुपयांसाठी कोण भांडणार?

जमाखर्च: तिथे महिना कॅलेंडरचा की तारखेपासून तारखेपर्यंतचा, हा वाद आहेच. निशिगंधच्या बाबतीत मुदत महिनाअखेरची, त्यामुळे दोन्ही रीतींनी तीनच.

निशिगंध: वरच्या फरकाचं वेगळं चलन भरलं, रिटर्न सबमिट झालं. व्हेरिफाय उद्या केलं तर चालेल ना?

जमाखर्च: तीस दिवसांच्या आत केलंत तर आजचीच तारीख धरतात. त्यापुढे गेलात तर व्हेरिफाय केल्याची तारीख धरतील, म्हणजे नोव्हेंबर. ओटीपी येतोय ना? आत्ताच करून टाका.