'विचारविनिमय' म्हणजे 'संमती' कधीपासून?

चौकटराजा: घटनेचा अनुच्छेद १२४ काल नीट वाचला. राष्ट्रपती न्यायमूर्ती नेमतील आणि त्याआधी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करतील, इतकंच आहे. हल्ली न्यायमूर्तींची नावं ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाला कॉलेजियम म्हणतात, पण तो शब्द अख्ख्या घटनेत नाही. मग १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'विचारविनिमय' म्हणजे जवळजवळ 'संमती' असा अर्थ लावला, याला न्यायालयीन सक्रियतेचा कळस नाही तर काय म्हणायचं? आणि न्यायमूर्तीच न्यायमूर्ती निवडणार असतील तर ते न्यायालय स्वतंत्र की बंदिस्त?

शेंडीफळ: अगदी बरोबर. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, हा डिसेंबर २०१६ चा आदेश आठवतोय का? पुढे मार्चमध्ये लहान गावांसाठी तेच अंतर २२० मीटर केलं. ५०० का, २२० का, कुणी मोजलं? टेप घेऊन रस्त्यावर उतरणं हे न्यायालयाचं काम नाही. ते सरकारचं काम.

चौकटराजा: शेंडीफळ, तो वेगळा धागा होईल. मी नेमणुकांबद्दल विचारतोय.

जुनीफाईल: धागाकर्त्यांचं वाचन बरोबर आहे, फक्त ते १९९३ पासून सुरू झालंय. त्याच्या बारा वर्षं आधी याच न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला होता. त्याचा परिणाम काय झाला, हे पाहिल्याशिवाय १९९३ कळत नाही. मी त्या काळात वकिली सुरू केली होती, म्हणून थोडं लांबण लावतो.

१९७३ मध्ये संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येणार नाही, असा केशवानंद भारतीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ रे यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक जाहीर झाली. तिघांनीही राजीनामे दिले. १९७७ मध्ये एच. आर. खन्नांना डावललं. त्यांनी आदल्या वर्षी, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जाता येतं का या जबलपूर प्रकरणात, एकट्याने विरोधी मत नोंदवलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी मेख उच्च न्यायालयांत होती. तिथे 'अतिरिक्त न्यायमूर्ती' दोन-दोन वर्षांच्या मुदतीवर नेमत. मुदत संपत आली की वाढ मिळायची की नाही, ते दिल्लीतून ठरायचं. मुदतवाढीची फाईल सरकारच्या टेबलावर पडून आहे आणि समोर सरकारविरुद्धचाच खटला चाललाय, असा माणूस कोर्टात बसलेला आम्ही पाहिलाय. त्याला कुणी फोन करायची गरजच नसते.

१९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात हेच प्रकरण सात न्यायमूर्तींपुढे आलं. दिल्लीतल्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींना मुदतवाढ द्यायची का, हा प्रश्न होता. दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती नको म्हणत होते, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड द्या म्हणत होते. सरकारने पहिल्यांचं ऐकलं. न्यायालय म्हणालं, सरकार चुकलेलं नाही. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. दोघांना विचारलं आणि दोघांची मतं वेगळी पडली, तर सरकार हवं ते उचलू शकतं.

आता हा संयमाचा निकाल ना? शब्दाला शब्द. पण त्याच निकालपत्रात न्या. भगवतींनी जनहित याचिकेचं दार सताड उघडलं. ज्याचं स्वतःचं काही बिघडलेलं नाही, असा माणूसही दुसऱ्यासाठी कोर्टात येऊ शकतो, हे तिथून पक्कं झालं. एकाच कागदावर सक्रियता आणि संयम! म्हणून 'हा न्यायमूर्ती सक्रिय, तो संयमी' अशी लेबलं चिकटवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

चौकटराजा: इतिहास मान्य. पण सरकार वाईट वागलं म्हणून घटनेतल्या शब्दाचा अर्थ बदलतो का? घटना समितीत हाच प्रश्न आला होता. २४ मे १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी सरन्यायाधीशांच्या संमतीची अट नाकारली. त्यांचा मुद्दा असा होता की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, माणसाचे राग-लोभ त्यांनाही असतात. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला देत नाही, तो एका माणसाच्या हाती देणं धोक्याचं आहे. जी गोष्ट घटनाकारांनी चर्चा करून नाकारली, तीच न्यायालयाने अर्थ लावून परत आणली. याला अर्थ लावणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात.

जुनीफाईल: हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगतो की आंबेडकर 'एका माणसाच्या' हाती नको म्हणत होते. १९९३ च्या निकालाने सरन्यायाधीशांबरोबर दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती जोडले, १९९८ मध्ये ते चार झाले. म्हणजे निदान एकट्याचा हट्ट चालत नाही. पण पाच जणांचा गट झाला म्हणून घटनेत लिहिलेलं नसलेलं लिहिलेलं होत नाही, हे खरंच.

सरळरेघ: एवढं सगळं झाल्यावर २०१४ मध्ये संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी आयोग आणला होता की. सहा जण. तीन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन नामवंत व्यक्ती. सहात सरकारचा माणूस एकच! तरी २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द केला. आपलं राज्य जाईल म्हणून रद्द केला, दुसरं काय. इंग्लंडमध्ये बघा, २००५ च्या कायद्यानंतर आयोग नेमतो, राजकारण्यांचा संबंधच नाही.

जुनीफाईल: सहात एक हे खरं, पण डोकी मोजू नका, नियम वाचा. कुठल्याही दोन सदस्यांनी नको म्हटलं की नाव पडणार होतं. म्हणजे कायदामंत्री आणि एक नामवंत व्यक्ती मिळून तिन्ही न्यायमूर्तींची शिफारस अडवू शकले असते. 'नामवंत' म्हणजे कोण, याला निकष जवळपास नव्हतेच. न्यायालयापुढे येणारा सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे, हेही विसरू नका.

इंग्लंडचंही अर्धवट आहे. तिथे मंत्र्याला शिफारस नाकारता येते, पण लेखी कारण देऊन, आणि ठरावीक वेळाच. तेवढं झालं की स्वीकारावीच लागते. शिवाय तिथलं न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. आपलं घटनादुरुस्तीसुद्धा रद्द करतं. ज्याच्या हातात एवढी मोठी कात्री, तिथे न्यायमूर्ती कोण याकडे सरकारचं लक्ष जास्त असणारच.

सरळरेघ: बरं, पण दोघांच्या नकाराची अट घटनादुरुस्तीत नव्हतीच. ती सोबतच्या साध्या कायद्यात होती. मग तेवढी तरतूद उडवायची. अख्खी दुरुस्ती कशाला?

जुनीफाईल: (थोडं थांबून लिहितोय.) हे मला आजही पटवून सांगता येत नाही. बहुमताचं म्हणणं, मंत्र्याची आयोगातली खुर्चीच स्वातंत्र्याला बाधक. मला ते जास्तच ताणलेलं वाटतं. न्या. चेलमेश्वर एकटे विरोधात होते, आणि पुढच्या वर्षी कॉलेजियमच्या बैठकांना जाणंच त्यांनी बंद केलं. आत काय चालतं याची नोंद नसते, हे त्यांचं दुखणं होतं. ऑक्टोबर २०१७ पासून ठराव जाहीर व्हायला लागले, त्यामागे हीच कुरबुर होती.

वाटणीवाली: मी यातली नाही, पण माझं सांगते. आमचं वाटणीचं अपील उच्च न्यायालयात अकरा वर्षं पडून आहे. तारखेला गेलं की कळतं, बेंच बसलंच नाही, जागा रिकाम्या आहेत. न्यायमूर्ती सरकारने नेमा, नाहीतर न्यायमूर्तींनी नेमा, पण नेमा हो! सासरे गेले, आता दीरही थकलेत.

जुनीफाईल: ताई, तुम्हाला विषयाबाहेरचं वाटलं तरी तुम्ही नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. १९९३ नंतर शेवटचा शब्द न्यायालयाचा झाला असं आपण म्हणतो. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं की सरकारने नेमायलाच हवं, असा नियम आहे. पण किती दिवसांत, हे त्या निकालात पक्कं नव्हतं. सरकारला 'नाही' म्हणायची गरजच उरली नाही, फाईल ठेवून दिली की झालं.

२०१८ चं न्या. के. एम. जोसेफ यांचं प्रकरण पाहा. उत्तराखंडातली राष्ट्रपती राजवट २०१६ मध्ये त्यांच्या खंडपीठाने रद्द केली होती. जानेवारी २०१८ मध्ये कॉलेजियमने त्यांचं आणि इंदू मल्होत्रांचं नाव एकत्र पाठवलं. एप्रिलमध्ये सरकारने मल्होत्रांचं नाव उचललं, त्यांचा शपथविधी झाला. जोसेफांचं नाव ज्येष्ठता आणि प्रादेशिक समतोल अशी कारणं देत परत पाठवलं. जुलैत कॉलेजियमने पुन्हा आग्रह धरला, सोबत आणखी दोन नावं होती. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली, पण त्या तिघांत जोसेफांचा क्रम तिसरा. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठता नेमणुकीच्या क्रमाने धरतात, आणि पुढे कॉलेजियममध्ये कोण बसणार हेही ज्येष्ठतेवरच ठरतं. म्हणजे नियम एकही मोडला नाही, तरी जे साधायचं ते साधता येतं.

चौकटराजा: पण सरकारने एकच नाव बाजूला काढलं तेव्हा कॉलेजियमने दुसरं नाव परत मागवायला हवं होतं. गप्प कोण बसलं? स्वातंत्र्य तिथे दाखवायचं असतं.

जुनीफाईल: तेव्हाही आम्हा वकिलांत हेच बोललं गेलं. २०१९ मध्ये न्या. अकील कुरेशींचं मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी गेलेलं नाव सरकारच्या आक्षेपानंतर बदलून त्रिपुराला गेलं. ते कॉलेजियमनेच बदललं, सरकारने आदेश काढून नव्हे. त्यामुळे पद्धत कुठलीही आणा, माणसं वाकली की पद्धत वाकते, एवढं मी तुमच्या बाजूने देतो.

सरळरेघ: मग मुदत का घालत नाहीत?

जुनीफाईल: घातली की! एप्रिल २०२१ च्या आदेशात लिहिलंय. गुप्तवार्ता विभागाने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यायचा, शिफारस पुढे पाठवायला सरकारला आठ ते बारा आठवडे, आणि कॉलेजियमने एकमताने नाव पुन्हा पाठवलं तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. ती पाळली जात नाही म्हणून पुढे अवमान याचिकाही आली.

चौकटराजा: म्हणजे घटनेत नसलेली मुदतही न्यायालयानेच लिहिली!

जुनीफाईल: लिहिली. आता याला सक्रियता म्हणायचं की स्वसंरक्षण, ते तुम्ही ठरवा. माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं.

शेंडीफळ: मला वाटलं होतं धागा दारूबंदीवर जाईल.

वाटणीवाली: तीन ते चार आठवडे म्हणता? आम्हाला गेल्या वेळी तारीखच आठ महिन्यांनंतरची मिळाली.