प्रतिफल आणि भेटीचे वचन

“वचन लेखी होते, मग भेट दिली नाही म्हणून दावा का चालत नाही?”

वचन देणाऱ्याच्या मागणीवरून दुसऱ्याने काही देणे, करणे किंवा करण्याचे कबूल करणे म्हणजे प्रतिफल. निव्वळ भेटीच्या वचनात नेमके तेच नसते, आणि साधे लेखी कबूल केल्याने ती उणीव भरून निघत नाही. इंग्लंडमधील थॉमस विरुद्ध थॉमस (१८४२) हा खटला मला यासाठी फार मोलाचा वाटतो. मृताच्या इच्छेचा मान राखून त्याच्या विधवेला घर वापरू देण्याचे कबूल झाले होते. ती इच्छा प्रतिफल ठरली नाही; परंतु विधवेने वर्षाला एक पौंड देण्याचे आणि घराची डागडुजी करण्याचे मान्य केले होते, म्हणून करार टिकला. रक्कम पुरेशी आहे का, हे न्यायालय सहसा तोलत नाही.